५४ शब्दांचं एक वाक्य

एखाद्या रुग्णालयात मधुमेहावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू होते, तेव्हा रुग्णाच्या हातात औषधाच्या आधी कागद येतो. रुग्ण माहितीपत्रक आणि त्याला जोडलेलं संमतीपत्र असा तो गठ्ठा असतो आणि शेवटच्या पानावर सही किंवा अंगठ्याची जागा असते. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांनुसार ही माहिती बोजड तांत्रिक शब्दांविना, त्या माणसाला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. पण ती त्याला समजते की नाही हे तपासायचं कसं? मराठी संमतीपत्रांच्या बाबतीत या प्रश्नाकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही, असं मला वाटतं.

अशा कागदांत हमखास भेटणाऱ्या धाटणीचं एक वाक्य नमुना म्हणून इथे रचलं आहे:

‘सदर संशोधन प्रकल्पामध्ये सहभागी होण्यास आपण संमती दिल्यानंतर आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका गटामध्ये समाविष्ट करण्यात येईल व त्यानुसार आपणांस अभ्यासाधीन औषध अथवा प्लासिबो देण्यात येईल, तसेच संशोधन कालावधीमध्ये कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता सहभाग मागे घेण्याचा अधिकार आपणांस राहील व त्यामुळे आपणांस या रुग्णालयात मिळणाऱ्या नियमित उपचारांवर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही.’

व्याकरणाची चूक नाही, कायद्याला हवी ती माहितीही आहे. असं वाक्य तपासणीतून सुखरूप पार पडतं, याचं कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. पुष्कळ संमतीपत्रं आधी इंग्रजीत लिहिली जातात. त्यांचं मराठी होतं, मग दुसरा भाषांतरकार त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करतो. दोन्ही इंग्रजी मसुदे जुळले की भाषांतर बरोबर असल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि कागद एथिक्स कमिटीपुढे जातो. या पद्धतीने अर्थ बदलला नाही एवढं कळतं. वरचं वाक्य पुन्हा इंग्रजीत नेलं तर ते तंतोतंत जुळेल. सातवीपर्यंत शिकलेल्या, साठीच्या माणसाला ते वाचून काय उमजेल, हा प्रश्न या सगळ्या प्रवासात कुणी विचारलेलाच नसतो.

म्हणून आधी मोजायला बसू. वाक्यात ५४ शब्द आहेत. चांगल्या इंग्रजी गद्यासाठी वाक्याची सरासरी १५ ते २० शब्दांची ठेवावी, असा सल्ला तिकडचे सोप्या भाषेचे पुरस्कर्ते देतात. तो आकडा मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘रुग्णालयात’ या एका शब्दाच्या जागी इंग्रजीत तीन शब्द लागतात. त्यामुळे मराठीतलं १५ शब्दांचं वाक्य इंग्रजीतल्या तेवढ्याच वाक्यापेक्षा पुष्कळ जास्त ओझं वाहत असतं. सर्वसामान्य वाचकासाठीच्या कागदात १२ शब्दांच्या पुढे गेलेल्या वाक्याकडे एकदा थांबून पाहावं आणि २० च्या पुढचं वाक्य कारण असल्याशिवाय ठेवू नये, असा माझा अंदाज आहे. तो कामचलाऊ अंदाज आहे, नियम म्हणून कुणी घेऊ नये.

शब्द मोजण्यापेक्षा उपयोगी पडते ती क्रियापदांची मोजणी. वाक्य जिथे संपू शकलं असतं अशा जागा शोधायच्या. आपल्या नमुन्यात ‘समाविष्ट करण्यात येईल’, ‘देण्यात येईल’, ‘राहील’ आणि ‘होणार नाही’ अशा चार जागा आहेत. म्हणजे ही चार वाक्यं आहेत आणि ‘व’, ‘तसेच’, ‘व’ यांनी ती एकत्र बांधली आहेत. वाचणाऱ्याला पहिल्या दोन गोष्टी डोक्यात धरून तिसरी आणि चौथी वाचावी लागते. तिसरी गोष्ट, म्हणजे कधीही बाहेर पडण्याचा हक्क, या कागदातली सर्वांत मोलाची आहे, आणि ती पोटात दडली आहे.

सरासरी काढताना एक सावधगिरी घ्यावी लागते. समजा एका पानावर आठ-आठ शब्दांची नऊ छोटी वाक्यं आणि मथळे आहेत आणि एक हे ५४ शब्दांचं वाक्य आहे. सरासरी निघते साडेबाराच्या आसपास, आणि पान सोपं वाटू लागतं. म्हणून सरासरीसोबत सर्वांत लांब वाक्य किती शब्दांचं आहे हे लिहून ठेवावं, आणि मथळे मोजणीतून वगळावेत.

आता वाचनपातळी. एखादा मजकूर कितवीपर्यंत शिकलेल्याला झेपेल हे सूत्राने सांगण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. मूळ व्हिएन्नाचे रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये दिलेलं सूत्र त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. त्यात दोनच गोष्टी मोजतात: एका वाक्यात सरासरी किती शब्द, आणि एका शब्दात सरासरी किती उच्चारखंड. २०६.८३५ या संख्येतून पहिल्या सरासरीची १.०१५ पट आणि दुसरीची ८४.६ पट वजा करायची. उत्तर ६० ते ७० आलं तर मजकूर सर्वसाधारण वाचकाला झेपणारा, ३० च्या खाली गेलं तर अतिशय कठीण. पुढे १९७५ मध्ये जे. पीटर किंकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी हेच माप इयत्तांमध्ये बसवलं. अमेरिकेत विमा पॉलिसीपासून संमतीपत्रापर्यंत आजही ते वापरलं जातं.

हे सूत्र मराठीला लावून पाहू. ‘एका गटाला नवं औषध मिळेल.’ पाच शब्द, आणि उच्चारताना ए-का, ग-टा-ला, न-वं, औ-षध, मि-ळेल असे अकरा खंड. शब्दामागे सरासरी २.२. हिशेब केला की उत्तर येतं १५.६४. दुसरीतलं मूल वाचेल असं हे वाक्य सूत्राच्या मते पदवीधरांनाच झेपणारं ठरतं. यात दोष सूत्राचा नाही. एका-दोन उच्चारखंडांच्या शब्दांनी भरलेल्या भाषेसाठी ते आकडे बसवलेले आहेत. ते मराठीवर चालवून कुणी ‘हा मजकूर बारावीच्या पातळीचा’ असा दाखला दिला, तर त्याला अर्थ नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हिंदी आणि बंगालीसाठी वेगळी मापं मांडली, तेव्हा त्यांनी जोडाक्षरांची संख्याही हिशेबात घेतली होती. मराठीसाठी ती दिशा योग्य वाटते, पण तयार सूत्र हाताशी आहे असं समजून चालू नये.

लांब शब्द म्हणजे अवघड शब्द हे समीकरणही आपल्याकडे डळमळतं. ‘रुग्णालयातले’ या शब्दात सहा अक्षरं आहेत, पण तो कुणाला अडत नाही. ‘सदर’ तीन अक्षरांचा, आणि कचेरीशी संबंध न आलेल्या माणसाला तो अडवतो. आपल्या नमुन्यात पाच किंवा जास्त अक्षरांचे शब्द सहाच आहेत, आणि त्यांतला खऱ्या अर्थाने अवघड एकच: ‘अभ्यासाधीन’. उलट ‘यादृच्छिक’ चार अक्षरांत बसतो आणि वाचकाला तिथेच थांबवतो. मोजणीच्या चाळणीतून तो सहज निसटतो.

मग मराठीत पातळी ठरवायची कशी? मला पटणारा मार्ग म्हणजे बालभारतीची पाठ्यपुस्तकं मापाला घेणं. संमतीपत्र सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाला झेपायला हवं असं ठरवलं, तर सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली तीन-चार पानं घ्यायची आणि त्यांतल्या वाक्यांची लांबी मोजायची. आपल्या मजकुरातले कोणते शब्द त्या इयत्तेपर्यंतच्या पुस्तकांत भेटतच नाहीत, त्यांची यादी करायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यातून हाती येणारी यादी फार कामाची असते. तिच्यातला प्रत्येक शब्द बदलायचा, नाहीतर जागच्या जागी समजावून द्यायचा. तरीही वाचक कितवी शिकला हे त्याच्या वाचनाचं माप नव्हे. सातवी झाल्यावर चाळीस वर्षं शेती केलेला माणूस बसची पाटी आणि खताच्या पिशवीपलीकडे वाचत नसेल, तर त्याची वाचनाची सवय चौथीच्या मुलाइतकी उरलेली असू शकते. म्हणून लक्ष्य ठरवताना शाळेच्या इयत्तेपेक्षा दोन-तीन इयत्ता खाली धरलेलं बरं.

पातळी नुसती ठरवून ठेवली आणि तपासली नाही तर काय होतं, याचा एक चांगला पुरावा आहे. २००३ मध्ये मायकेल पाश-ऑर्लो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ११४ वैद्यकीय महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरचे संमतीपत्रांचे नमुने तपासले. संमतीपत्र कोणत्या इयत्तेच्या पातळीचं असावं हे ज्या संस्थांनी स्वतःच जाहीर केलं होतं, त्यांच्याच नमुन्यांची पातळी त्या मर्यादेच्या सरासरी २.८ इयत्ता वर निघाली. इतरांना जी भाषा वापरा म्हणून सांगितलं होतं, ती त्यांच्या स्वतःच्या नमुन्यातच नव्हती.

आता आपला नमुना नव्याने लिहू.

‘तुम्ही होकार दिलात तर तुम्हाला दोनपैकी एका गटात घेतलं जाईल. एका गटाला नवं औषध मिळेल. दुसऱ्या गटाला औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी मिळेल. तुम्ही कोणत्या गटात जाल हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. ते डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हालाही निवडता येणार नाही. तुम्ही या संशोधनातून कधीही बाहेर पडू शकता. कारण सांगायची गरज नाही. बाहेर पडलात तरी या रुग्णालयातले तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील.’

आठ वाक्यं, ६२ शब्द. सोपं केल्यावर मजकूर आखूड होतो असा समज आहे. इथे तो आठ शब्दांनी वाढला, पण वाक्याची सरासरी लांबी ५४ वरून आठाच्या आत आली. एवढ्यावर थांबलं तर कागदावर काम फत्ते झालेलं दिसतं. खरी परीक्षा मात्र इथून पुढे आहे, कारण आकड्यांना कळतं ते इतकंच की वाचकाला कुठे धाप लागेल. त्याचा गैरसमज कुठे होईल हे फक्त वाचकच दाखवू शकतो.

वाचकांवर चाचणी घेण्याची सर्वांत पक्की रीत औषधांच्याच क्षेत्रात तयार झाली. ऑस्ट्रेलियात डेव्हिड स्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती औषधांच्या माहितीपत्रकांसाठी विकसित केली आणि युरोपीय संघाने ती उचलली. तिथे २००५ पासून औषधाच्या डबीतलं माहितीपत्रक सामान्य वाचकांकडून तपासून घ्यावं लागतं. पद्धत अशी: आधी तीन ते सहा जणांवर प्रश्नच तपासून घ्यायचे. मग दहा-दहा वाचकांच्या दोन फेऱ्या. प्रत्येकाला बारा ते पंधरा प्रश्न, एकेकट्याला बसवून, पाऊण तासाच्या आत. प्रत्येक प्रश्नासाठी ९० टक्के वाचकांना उत्तराची जागा सापडली पाहिजे, आणि ज्यांना सापडली त्यांच्यातल्या ९० टक्क्यांना ते कळलं पाहिजे. वीस वाचकांमध्ये हा हिशेब साधारण सोळावर येतो.

सापडणं आणि कळणं वेगळं मोजणं, ही या रीतीतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट. वाचकाला उत्तर सापडलंच नाही तर दोष मथळ्यात, क्रमात किंवा बारीक टाइपात असतो. जागा सापडली, बोट ठेवलं, वाचलं आणि तरी उत्तर चुकलं, तर दोष वाक्यात किंवा शब्दात असतो. पहिल्या दोषावर वाक्य सोपं करण्याचा इलाज चालत नाही, आणि दुसऱ्यावर मथळा ठळक करण्याचा.

संमतीपत्रासाठी वाचक निवडताना रुग्णालयातले कर्मचारी, त्यांचे नातेवाईक आणि औषधांच्या दुकानात काम करणारे बाजूला ठेवायचे. ज्यांना हा कागद खरोखर मिळेल तसे लोक हवेत: मधुमेह असलेले, पन्नाशी-साठीचे, स्त्रिया आणि पुरुष, कमी शिकलेले, शिवाय घरी अहिराणी किंवा कोकणी बोलणारे आणि मराठी फक्त शाळेत शिकलेले काही जण. पहिल्या फेरीतला माणूस दुसऱ्या फेरीत घ्यायचा नाही, कारण त्याला उत्तरं आधीच ठाऊक झालेली असतात. बसण्याआधी त्याला स्पष्ट सांगायचं: काका, परीक्षा तुमची नाही, या कागदाची आहे. अडलात तर ती कागदाची चूक.

आणि ‘समजलं का?’ हे कधीही विचारायचं नाही. पांढऱ्या कोटासमोर आपल्याकडे त्याचं उत्तर एकच येतं: ‘हो.’ त्याऐवजी प्रसंग द्यायचा. ‘दुसऱ्या महिन्यात तुम्हाला वाटलं की आता नको. काय कराल?’ ‘घरी गेल्यावर सुनेने विचारलं, तुम्हाला कोणती गोळी देणार आहेत. काय सांगाल?’ उत्तर वाचकाच्या शब्दांत, जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. त्याचं बोट कुठे थांबतं, कुठली ओळ तो दोनदा वाचतो, कुठलं पान न वाचता उलटतो, याचीही नोंद ठेवायची.

आपला सोपा केलेला परिच्छेद अशा दहा जणांपुढे ठेवला आहे असं समजा, आणि कसली उत्तरं येऊ शकतात ते पाहा. ‘कोणती गोळी मिळेल ते कोण ठरवतं?’ या प्रश्नाला ‘चिठ्ठ्या’ असं बहुतेक जण सांगतील. जागा सापडली, शब्द कळला. पण पुढे विचारलं, ‘डॉक्टरांना तुमच्यासाठी एखादी गोळी जास्त चांगली वाटली तर?’ तर काहीजण म्हणतील, ‘मग ते तीच देतील की.’ चिठ्ठी काढायची हे त्यांनी वाचलं आहे, ‘डॉक्टर ठरवणार नाहीत’ हेही वाचलं आहे, तरी माझा डॉक्टर माझं भलं बघूनच औषध देणार हा आयुष्यभराचा अनुभव त्या ओळीवर मात करतो. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याच गैरसमजाला नाव दिलं: संशोधनालाच उपचार समजणं. वाक्य कितीही आखूड केलं तरी तो हटत नाही. तो हटवायला वाक्य वाढवावं लागतं.

दुसरं उत्तर असं येऊ शकतं: ‘नशीब असेल तर औषध लागेल.’ म्हाडाच्या सोडतीत घर लागावं तसं. चिठ्ठीचा अर्थ बरोबर पोहोचला, पण नवं औषध म्हणजे बक्षीस, हेही वाचकाने मनाने जोडून घेतलं. ते जास्त गुणकारी आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही, आणि आपल्या परिच्छेदाने ते सांगितलेलं नाही. तिसरी गोष्ट तर जवळपास प्रत्येक मधुमेही विचारील: ‘ही बिनऔषधाची गोळी मिळाली तर माझी रोजची साखरेची गोळी बंद का?’ याचं उत्तर परिच्छेदात नाहीच. मूळच्या ५४ शब्दांतही नव्हतं, पण त्या वाक्यात ही उणीव दिसलीच नसती. वाचक एवढा गुरफटलेला असतो की प्रश्न सुचण्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीच्या मसुद्यात तीन वाक्यं वाढतात: ‘नवं औषध जास्त चांगलं आहे की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही, तेच शोधण्यासाठी हे संशोधन आहे. डॉक्टरांना एखादी गोळी तुमच्यासाठी बरी वाटली तरी ते चिठ्ठीचा निकाल बदलू शकत नाहीत. तुमची रोजची साखरेची गोळी दोन्ही गटांत चालूच राहील.’ अर्थात रोजची गोळी चालू ठेवायची असं संशोधनाच्या आराखड्यात ठरलेलं असेल तरच शेवटचं वाक्य लिहिता येतं. ठरलेलं नसेल, तर भाषेच्या चाचणीने डॉक्टरांपुढे खरा प्रश्न आणून ठेवला आहे. यातलं पहिलं वाक्य १७ शब्दांचं आहे आणि मी ते तोडणार नाही. ‘तेच शोधण्यासाठी’ हा दुवा तुटला तर कारण आणि काम वेगळे पडतात. आखूड करण्याच्या नादात असे दुवे नेहमी बळी जातात. ‘चक्कर आली तर गाडी चालवू नका’ याचं ‘चक्कर येऊ शकते. गाडी चालवू नका.’ असं केलं, तर रिक्षाचालक वाचकाला वाटेल की महिनाभर धंदा बंद ठेवायचा.

या चाचणीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. वीस माणसं म्हणजे सर्वेक्षण नव्हे. त्यांतून दोष सापडतात, टक्केवारी जाहीर करता येत नाही. शांत खोलीत चहा घेत वाचणारा माणूस आणि वॉर्डात नातेवाइकांच्या घोळक्यात सही करणारा माणूस एकच नसतो. आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी ही चाचणी अपुरीच आहे. त्याच्या बाबतीत संमती घेताना पूर्ण वेळ तटस्थ साक्षीदार हजर हवा असं नियमच सांगतात. तिथे कागद मोठ्याने वाचून दाखवला जातो, म्हणून मसुदा ऐकवूनही तपासायला हवा. डोळ्यांना चालणारं वाक्य कानाला जड जातं, हे अशा वेळी लगेच कळतं.

वेळेचं गणितही आधीच बांधावं लागतं. एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या संमतीपत्रावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते, आणि त्यातला मजकूर बदलायचा तर पुन्हा कमिटीपुढे जावं लागतं. त्यामुळे मंजुरीनंतर वाचकांची चाचणी घेऊन कुणी अडचणी शोधल्या, तरी त्या दुरुस्त करायला सहसा कुणी तयार होत नाही. चाचणीच्या दोन्ही फेऱ्या मराठी मसुदा तयार झाल्यावर आणि प्रमाणपत्र घेण्याआधी व्हायला हव्यात. मसुद्यासोबत कमिटीला प्रश्नांची यादी, वाचकांची उतरवून घेतलेली उत्तरं आणि त्यांवरून केलेले बदल एवढे कागद द्यावेत. कमिटीवर सर्वसामान्य नागरिकांमधून घेतलेला एक सदस्य असतोच. त्याने आधी ती उत्तरं वाचावीत आणि मग संमतीपत्र हातात घ्यावं.